पन्नास रुपये रोज

मला फोन करायला आवडत नाही. आलेला उचलते, कारण त्यात सुरुवात समोरच्यानं केलेली असते. पण आपण नंबर लावायचा, पलीकडची रिंग ऐकत बसायचं आणि मग अनोळखी आवाजाला आपण कोण ते सांगायचं, हे मला कधी जमलं नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथं सगळं लिहून द्यायची सवय लागली. त्यामुळे कराडमधल्या करसल्लागाराच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा मी खूश होते. आकडे, फॉर्म, संगणक. बोलायचं काय काम?

पहिल्या आठवड्यातच कळलं की आमचं निम्मं काम बोलण्याचं आहे. जीएसटीचं विवरण आम्ही तयार करतो, पण ते पोर्टलवर दाखल करताना दुकानदाराच्या नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो. तो त्यानं आम्हाला सांगायचा आणि आम्ही दहा मिनिटांच्या आत टाकायचा. म्हणजे प्रत्येक विवरणाच्या शेवटी एक फोन असतोच. आमच्या ऑफिसात दिवसभर "काका, मेसेज आलाय बघा, सहा आकडे हायत, सांगा" असा जप चालू असतो.

माझ्या आधी त्या टेबलावर एक मुलगी होती. तिचं लग्न ठरलं, ती गेली आणि जूनमध्ये तिचे सगळे दुकानदार माझ्याकडे आले. त्यांच्यात एक निवृत्त नायब सुभेदार होते. कडेगावच्या पुढं, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात त्यांचं ठिबकच्या नळ्या, पाइप आणि मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. धंदा बेताचा, म्हणून त्यांनी कंपोझिशन योजना घेतली आहे. उलाढालीवर ठरलेला थोडा कर दर तिमाहीला भरायचा आणि वर्षाचं एक विवरण तीस जूनपर्यंत द्यायचं. त्यांच्या फाइलीवर आधीच्या मुलीनं पेन्सिलनं लिहून ठेवलं होतं, 'एकदाही उशीर नाही. फार अभिमान आहे. जपून.'

बिलांच्या वह्या त्यांनी मे महिन्यातच आणून दिल्या होत्या. पंचवीस जूनला विवरण तयार झालं. फक्त ओटीपी हवा होता. मी फोन हातात घेतला, खाली ठेवला, पाणी प्यायले आणि त्यांना मेसेज पाठवला. इंग्रजीतच पाठवला, कारण सभ्यपणे लिहायचं म्हटलं की माझ्या बोटांना इंग्रजीच सुचतं. 'डिअर सर, काइंडली शेअर ओटीपी ॲट द अर्लिएस्ट.' खाली माझं पहिलं नाव. ऑफिसचं नाव लिहिलं नाही. मला वाटलं, त्यांना कळेलच.

मेसेजवर दोन खुणा उमटल्या आणि थोड्या वेळानं माझ्या पडद्यावरून त्यांचा फोटो नाहीसा झाला. मला त्याचा अर्थ लागला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठवण पाठवली, तिला एकच खूण आली. तीस तारखेला बाकीच्या बावीस जणांचे ओटीपी गोळा करता करता संध्याकाळ झाली. त्यातले एकवीस माझ्या शेजारी बसणाऱ्या ताईंनी केलेल्या फोनवर आले आणि एक मेसेजवर. माझ्या यादीत नायब सुभेदारांच्या नावापुढे 'ओटीपीची वाट' एवढंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पोर्टल उघडलं तर मुदत संपली होती.

मुदत संपली की काय होतं ते मला माहीत होतं. अशा वार्षिक विवरणाला उशीर झाला की दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क, पंचवीस केंद्राचे आणि पंचवीस राज्याचे. व्यवहार शून्य असेल तर वीस, पण ह्यांचा धंदा चालू होता. हे शुल्क मात्र अमर्याद वाढत नाही, दोन हजारांवर थांबतं. मी कॅलक्युलेटरवर भागाकार केला. चाळीस दिवस. म्हणजे नऊ ऑगस्टला मीटर बंद.

हा आकडा पाहून घाबरायला हवं होतं. मला उलट हायसं वाटलं. एका फोनची जास्तीत जास्त किंमत दोन हजार रुपये आहे, असं सरकारनंच ठरवून दिलं होतं. पगारातून देता आले असते. न बोलण्यासाठी मी याआधी ह्याहून जास्त मोजलेलं आहे. एकदा रिक्षावाल्याला 'इथं थांबवा' म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून मी मलकापूरच्या घरापुढून कोयना पुलापर्यंत जाऊन परत चालत आले होते.

अडचण वेगळीच होती. आमचे सर दर महिन्याच्या वीस तारखेला सगळ्यांना बसवून एक यादी मोठ्यानं वाचतात. कोणाचं विवरण उशिरा गेलं, किती शुल्क बसलं, का बसलं. ऑफिसची चूक असेल तर पैसे ऑफिस भरतं, पण 'का'चं उत्तर ज्याचं टेबल त्यानं उभं राहून द्यायचं. सर रागावत नाहीत. फक्त चष्मा काढून ऐकतात. मला त्या चष्मा काढण्याची भीती दोन हजारांपेक्षा जास्त होती.

ह्या ताई ऑफिसात पंधरा वर्षं आहेत. दहा जुलैला त्यांनी माझ्या यादीवरून बोट फिरवलं आणि ते नेमकं तिथंच थांबलं.

"हे काय गं? अजून वाट बघतीस?"

"मेसेज केलेत मी. दोन."

"फोन?"

मी स्टेपलरमध्ये पिना भरायला घेतल्या.

"म्हणजे पाचशे झाले," ताई म्हणाल्या. "त्या माणसानं आयुष्यात कधी एसटीसुद्धा चुकवली नसंल. आणि तू त्याचे पाचशे केलेस."

"दोन हजारांच्या पुढं जात नाही ताई."

"अगं शहाणे, शुल्क थांबतं, विवरण थोडंच भरलं जातं? मुदतीनंतर तीन महिने गेले की नोंदणी रद्द का करू नये म्हणून नोटीस येते कंपोझिशनवाल्यांना. आणि अठराला त्यांचं तिमाहीचं आहे. तेव्हा काय करणार? परत डिअर सर?"

त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून पहिल्याच रिंगला आवाज आला, "बोला!"

"काका, जीएसटीच्या ऑफिसमधनं बोलतीय. तुमचा एक ओटीपी लागणार होता."

"ओटीपी? तू बी त्याच टोळीतली व्हय गं? आदी इंग्रजीतनं मागितला, आता मराठीतनं मागाय लागलाय. लाज न्हाई वाटत? ब्यांकेत बोर्ड लावलाय, ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून. नंबर लिवून घेतलाय, चौकीत देतो!"

फोन कट झाला. ताईंनी पुन्हा लावला, तर तो लागेना. त्यांचाही नंबर ब्लॉक होऊन माझ्या रांगेत जाऊन बसला होता. पंधरा वर्षांत ताईंना कोणी टोळीतली म्हटलं नव्हतं. त्या बराच वेळ फोनकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"आता एकच मार्ग. सरांच्या फोनवरून करायचा. त्यांचा आवाज ओळखतात ते."

सरांचा फोन म्हणजे सरांना सांगणं. म्हणजे वीस तारीख आजच. मी म्हटलं, "नको. मी जाऊन येते."

ताई हसल्या. "फोन करवंना म्हणून गाडीभाडं घालून समक्ष जाणारी तू पहिलीच."

तरी जायला मला आणखी एक आठवडा लागला. रोज सकाळी मनात पन्नास मिळवायचे आणि कामाला लागायचं. सतरा तारखेला दुपारी चारला मी लॅपटॉप पाठीला लावून कराड स्टँडवरून निघाले. वाटेत गाडी दोन ठिकाणी उभी राहिली, एकदा ट्रॅक्टरसाठी आणि एकदा कंडक्टरच्या चहासाठी. गावात पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. आईला पोचल्याचा निरोप पाठवला आणि दुकान शोधलं. नळ्यांच्या काळ्या गुंडाळ्यांमध्ये एक सूनबाई बसली होती.

"मामा रानात गेल्यात, एकाची मोटर बसवायला. येतीलच. बसा."

ते आले तेव्हा सात वाजायला पंधरा-वीस मिनिटं होती. ताठ माणूस, मिशा पांढऱ्या, पायात चिखलाचे बूट. दाराशी उभे राहून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तपासणी नाक्यावर पाहावं तसं.

मी उभी राहिले. बसमध्ये पाठ केलेली सगळी वाक्यं गेली. तोंडातून आलं ते एवढंच, "काका, मी डिअर सर."

"आँ?"

"म्हणजे तो मेसेज. ओटीपीचा. तो मीच पाठवला होता. आपल्या सरांच्या ऑफिसमधून."

ते सूनबाईकडे वळले. "बघ, मी म्हणलो नव्हतो, टोळी घरापतूर येती!"

मी बॅगेतून त्यांच्या बिलांच्या वह्या काढून गल्ल्यावर ठेवल्या. स्वतःचं अक्षर पाहून ते खुर्चीत बसले. "च्या टाक गं हिला," सूनबाईला म्हणाले. "चोरीचा माल परत आणलाय."

मी घाईघाईनं लॅपटॉप उघडला, माझ्या मोबाइलचं नेट जोडलं आणि पोर्टलवर गेले. विलंब शुल्क त्यानं आपोआप मोजून ठेवलं होतं. सतरा दिवस, आठशे पन्नास. माझा बेत असा होता की चलन काढायचं, माझ्या फोनवरून गुपचूप भरायचं, ओटीपी घ्यायचा आणि निघायचं. त्यांना आकडा कळायचंच कारण नाही. चलन तयार झालं. मी पैसे भरायला फोन उचलला आणि तेवढ्यात बाहेर कुठंतरी भोंगा वाजला. लांब, एकसुरी.

त्यांनी हात पुढं केला. "फोन."

"काय झालं काका?"

"सात वाजलं. भोंगा झाला की गावात मोबाइल आन टीव्ही बंद. साडेआटपतूर. पोरांनी अभ्यास करायचा, बाक्यांनी बोलायचं. पंचायतीचा ठराव हाय."

सूनबाईनं तिचा फोन आधीच कपाटात ठेवला होता. त्यांनी त्यांचा ठेवला. मी माझ्या फोनकडे, लॅपटॉपकडे आणि त्या चलनाकडे पाहिलं.

"काका, फक्त दोन मिनिटं. पैसे भरायचे आणि एक ओटीपी."

"पलीकडं मास्तरांच्या घरात दिवा दिसतूय न्हवं? त्येंच्या पोराची मॅच चाललीया आज. त्यानं टीव्ही बंद केला. मी ह्यो ठराव मांडणारांपैकी. मी दोन मिंटं घीन, तो दोन षटकं घील."

मी फोन दिला. कपाटाचं दार लागलं. सरकारचं मीटर चालू होतं आणि ते थांबवायला आलेली मी नळ्यांच्या गुंडाळ्यांत दीड तास बसणार होते. मग लक्षात आलं की ते मीटर तास मोजत नाही, दिवस मोजतं. सात वाजता भरा नाहीतर पावणेनऊला, सतरा तारीख ती सतराच. ह्या दीड तासाची किंमत शून्य होती. फक्त तो बोलण्यात घालवायचा होता.

चहा आला. काकांनी बशी हातात धरली. "आता सांग. ते यंत्रात आठशे पन्नास काय दिसत हुतं?"

त्यांची नजर लांबची होती, हे मला आधी कळायला हवं होतं.

"विलंब शुल्क."

"कुणाचं?"

"तुमचं."

बशी खाली आली. "माजं? मी मे म्हयन्यात वह्या दिल्यात. सव्वीस वर्सं सर्विस केली, रजेवरनं एक दिवस उशिरा हजर झालो न्हाई. लगीन माजं सकाळी, गाडी संध्याकाळी, तरी टायमात. मला दंड?"

इथं मला सांगता आलं असतं की पोर्टल बंद होतं. सगळेच सांगतात, आणि पोर्टलची ख्याती अशी की कोणालाही खरं वाटतं. पण दीड तास होता, फोन नव्हता आणि ते माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं. पंचवीस तारखेला विवरण तयार होतं. फोन करायला हवा होता, तो केला नाही. मेसेज केला. उत्तर आलं नाही तरी फोन केला नाही. मग रोज पन्नास वाढत गेले आणि रोजच केला नाही.

"का?"

"लाज वाटते."

"कशाची?"

"बोलायची."

सूनबाईनं पदर तोंडाला लावला. काका मात्र हसले नाहीत. खरोखरच विचारात पडले.

"आन हितं आलीस ती? कराडहून? एकटी?"

"हो."

"त्याची न्हाई लाज वाटली?"

"वाटली. पण बसमध्ये बसल्यावर उतरता येत नाही."

आता ते हसले. दुकानाबाहेर जाणारा एक म्हातारा थांबून आत डोकावला. "काय झालं रं सुभेदार?"

"काय न्हाई आबा, फौज म्हणजे काय ते ह्या पोरीनं सांगितलं. गाडीत बसल्यावर उतरता येत न्हाई!"

आबा आत आले, मग त्यांच्या मागून आणखी दोघं. फोन बंद असलेल्या गावात बातमी फार लवकर पसरते. पंधरा मिनिटांत माझ्या आठशे पन्नास रुपयांचा खटला पाच माणसांपुढं उभा होता. चूक पोरीची, कारण तिनं फोन केला नाही. चूक सुभेदाराची, कारण त्यानं न वाचता ब्लॉक केलं. आबांचं मत असं की चूक इंग्रजीची.

"डिअर म्हणजे काय गं?" आबांनी विचारलं.

"प्रिय."

"मग ब्लॉकच करंल की! घरात सूनबाई, सासूबाई, आन कुणीतरी प्रिय म्हणून ओटीपी मागतंय!"

खुद्द सूनबाई हसून हसून पाइपांवर बसली. मीही हसले. मोठ्यानं. मग काकांनी हात वर केला.

"पैसे ऑफिस भरंल का तू?"

"मीच भरणार होते. तुम्हाला कळू न देता."

"हे बरोबर न्हाई. ब्लॉक मी केलंय. ते आठशे पन्नास जातात कुठं?"

"निम्मे केंद्राला, निम्मे राज्याला. चारशे पंचवीस, चारशे पंचवीस."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मग सोपं हाय. मी केंद्राचा नोकर. केंद्राचं मी भरतो. राज्याचं तू भर."

"तिला परवडंल का?" आबा म्हणाले.

"ती राज्याची न्हाई व्हय? कराडची हाय न्हवं?"

निकाल लागला. साडेआठला पुन्हा भोंगा झाला, कपाट उघडलं आणि सगळे फोन एकदम वाजायला लागले. मी पुन्हा पोर्टलवर शिरले, फोनवरून आठशे पन्नास भरले आणि काकांनी गल्ल्यातून चारशे पंचवीस मोजून माझ्या हातात ठेवले. ओटीपी आला तेव्हा त्यांनी तो फोन मला दाखवला नाही. खुर्चीत ताठ बसून एकेक आकडा खणखणीत आवाजात सांगितला आणि माझ्याकडून परत म्हणवून घेतला. दोन वेळा 'ऐकू आलं न्हाई' म्हणाले. तिसऱ्यांदा मी जवळजवळ ओरडले. विवरण दाखल झालं.

त्याच बैठकीत तिमाहीचंही काम उरकलं. त्याचा कर त्यांनी त्यांच्या फोनवरून भरला, दुसरा ओटीपी आला, तोही तसाच ओरडून झाला.

"हे टायमात?"

"एक दिवस आधी काका."

"असं लिवून दे," ते म्हणाले. मी वहीच्या पानावर लिहून सही केली. मग सूनबाई आणि ते पिकअप काढून मला मलकापूरपर्यंत सोडायला आले. वाटेत त्यांनी माझा आणि ताईंचा नंबर ब्लॉकमधून काढला. ताईंचा काढताना थोडे थांबले. "ह्यांना मी चौकीत देतो म्हणलं हुतं. रागावल्या असतील."

"रागावल्यात."

"मग तूच समजाव."

वीस तारखेला सरांनी यादी वाचली. माझं नाव आलं, आठशे पन्नास आले आणि चष्मा निघाला. मी उभी राहिले.

"सर, माझी चूक. फोन करायला हवा होता, मी केला नाही."

"पोर्टल?"

"पोर्टल चालू होतं."

ऑफिसात ते वाक्य कोणी कधी ऐकलेलं नव्हतं. सरांनी विचारलं, "पैसे कोणी भरले?"

"केंद्राचे त्यांनी. राज्याचे मी."

सगळे हसले. ताई सगळ्यात मोठ्यानं. सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, मला राज्याचे चारशे पंचवीस ऑफिसच्या पेटीतून काढून दिले आणि सोबत एक कागद सरकवला. ज्यांचे ओटीपी यायचे होते अशा नऊ दुकानदारांची नावं आणि नंबर.

"आज पाचपर्यंत," ते म्हणाले. "मेसेज नको."

मी टेबलाशी येऊन बसले. पाणी प्यायले. कोरेगावच्या एका किराणा दुकानाचा नंबर पहिला होता. लावला. रिंग गेली, एक, दोन, तीन. ताई हातातलं काम सोडून ऐकत होत्या.

"हॅलो, कोण?" पलीकडून एक बाई म्हणाली.

"मी," मी म्हटलं, आणि पुढचं सांगायला लागले.